कपॅसिटरला न जुमानणारा पॉवर फॅक्टर

पंपावर किंवा पंख्यावर व्हीएफडी बसवली की कारखान्यातल्या पॅनेलवरचा कॉस-फाय मीटर अनेकदा ०.९८ दाखवतो. तरीही केबल तापते, आणि केव्हीए हिशेबापेक्षा जास्त भरतात. कारण हा मीटर फक्त ५० हर्ट्झचा करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे, एवढेच पाहतो. करंटचा आकार बिघडला आहे का, हे त्याला कळत नाही.

साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी सहा डायोडचा रेक्टिफायर असतो. त्याच्यामागचा कपॅसिटर भरण्यापुरताच तो करंट ओढतो, तोही झटक्या-झटक्याने. या झटक्यांची फोड केली, तर ५० हर्ट्झच्या मूळ लहरीसोबत तिच्या ५, ७, ११, १३ पट वारंवारतेच्या लहरी निघतात. हेच हार्मोनिक.

समजा, चोक नसलेल्या एका ड्राइव्हचा मूळ करंट १०० अँपिअर आहे आणि पाचवा हार्मोनिक ६०, सातवा ४०, अकरावा १० व तेरावा ८ अँपिअर आहे. या आकड्यांची सरळ बेरीज चालत नाही. वारंवारता वेगळ्या असल्याने वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते:

THD = √(60² + 40² + 10² + 8²) / 100

उत्तर सुमारे ०.७३, म्हणजे विकृती ७३ टक्के. तारेतून जाणारा एकूण आरएमएस करंट मात्र १७३ नव्हे, १२४ अँपिअर.

व्होल्टेज बऱ्यापैकी शुद्ध असेल, तर हे जादा हार्मोनिक काहीच काम करत नाहीत. ५० हर्ट्झचे व्होल्टेज आणि २५० हर्ट्झचा करंट यांच्या गुणाकाराची सरासरी शून्य येते. म्हणजे काम १०० अँपिअरचे आणि तारेवर भार १२४ चा. हे गुणोत्तर ०.८१. त्याला ०.९८ ने गुणले की खरा पॉवर फॅक्टर निघतो: ०.७९.

इथे कपॅसिटर वाढवणे हा सर्वात महागात पडणारा उपाय. तो मागे पडलेला करंट सावरतो. बिघडलेला आकार सुधारत नाही. उलट ५०० केव्हीए, ५ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर २०० केव्हीएआर कपॅसिटर लावले, तर दोघांचा अनुनाद √५० म्हणजे जवळजवळ सातव्या हार्मोनिकवरच येतो. मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडत राहतात.

ड्राइव्हच्या आधी योग्य चोक बसवला की झटके पसरट होतात. पाचवा ३२, सातवा १२, अकरावा ८ आणि तेरावा ५ अँपिअरवर आला, तर विकृती ३५ टक्क्यांवर उतरते आणि खरा पॉवर फॅक्टर ०.९२ च्या आसपास जातो.

मोजताना ट्रू-आरएमएस क्लॅम्प मीटरच वापरावा. साधा स्वस्त मीटर असा करंट कमी दाखवतो. कपॅसिटरची ऑर्डर देण्यापूर्वी हार्मोनिक ॲनालायझरने एकदा मोजणी करून घ्या.