सावलीतला ठिपका आणि प्रकाशाचे स्वरूप

प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा मारा, हे न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मांडलेले मत शंभर वर्षे टिकले. १८१८ मध्ये फ्रेनेलने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी तरंगसिद्धांत सादर केला. परीक्षकांपैकी प्वासाँ कणवादी होता. फ्रेनेलचे गणित खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा, आणि ते अशक्य आहे, असा त्याचा आक्षेप होता. अरागोने सुमारे २ मिलिमीटर व्यासाची चकती घेऊन प्रयोग केला, तेव्हा नेमका तिथेच ठिपका दिसला! चकतीच्या कडेवरून वळलेल्या सर्व लाटा मध्यबिंदूपर्यंत सारखेच अंतर कापतात, म्हणून तिथे त्या एकमेकींना बळ देतात. तरंगसिद्धांताचा याहून ठाम पुरावा क्वचितच सापडेल.

तरीही एक कोडे उरले. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रकाश प्रखर केल्यास त्यांची संख्या वाढते, पण प्रत्येकाची कमाल ऊर्जा तेवढीच राहते. ती प्रकाशाच्या वारंवारतेवर ठरते. लाटांच्या कल्पनेत हे बसत नव्हते. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत येते असे मांडले. त्या पुंजांना ‘फोटॉन’ हे नाव १९२६ मध्ये रूढ झाले.