कार्ड मैत्रिणीचं, मत कुणाचं?

टॅरो नव्याने शिकणारा माणूस पहिलं रीडिंग बहुतेक वेळा जवळच्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं करतो. चुकलं तर घरातल्या घरात चुकलं, असा त्यामागचा हिशेब असतो. प्रत्यक्षात हेच रीडिंग सगळ्यांत निसरडं, कारण समोरच्याचं निम्मं आयुष्य वाचणाऱ्याला आधीच पाठ असतं. तिचा नवरा कसा आहे, साहेब कसा आहे, मागच्या दिवाळीला सासूबाई काय बोलल्या, सगळं ठाऊक. कार्ड उलटण्याआधीच मत तयार असतं आणि मग ते कार्डाच्या तोंडून वदवलं जातं.

टॅरोचं काम चालतं कशावर, हे त्यासाठी आधी बघायला हवं. ७८ कार्डांचा जो डेक आज सर्वत्र दिसतो, तो १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. मुळात हे पत्ते पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत चक्क खेळायला वापरले जात. त्यांवरून भविष्य सांगण्याची चाल अठराव्या शतकात रुजली. त्यांना पुढचं काही कळतं याला पुरावा नाही. चित्र समोर आलं की माणूस स्वतःबद्दल बोलू लागतो, एवढं मात्र खरं.

आणि ऐकलेलं त्याला पटतंही फार लवकर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि ‘हे तुमचं स्वभाववर्णन’ म्हणून प्रत्येकाच्या हाती एकेक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तो किती जुळतो, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. अनोळखी माणसाची मोघम वाक्यं जर इतकी पटत असतील, तर जिवाभावाच्या मैत्रिणीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं तर काय होईल? ‘कार्डाला कसं कळलं!’ असं म्हणून ती डोळे विस्फारेल. कार्डाला काही कळलेलं नसतं. गेल्या महिन्यात फोनवर तिनेच ते सांगितलेलं असतं.

म्हणून संमती म्हणजे नुसतं ‘कार्ड काढू का गं?’ एवढं विचारून भागत नाही. प्रश्न तिचा असावा, आणि तो तिने स्वतः बोलून दाखवावा. खोलीत आणखी कोण बसलंय, तेही महत्त्वाचं. चौघींच्या गप्पांत, हसण्यावारी काढलेलं कार्ड एखादीच्या घटस्फोटावर जाऊन आदळतं आणि तिला उठूनही जाता येत नाही. मांडलेल्या कार्डांचा फोटो न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हाही संमतीचाच भंग. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच विचारून घ्यावी: ‘जड कार्ड आलं तर सगळं सांगू, की तू म्हणशील तिथे थांबू?’

शेवटचा प्रश्न डॉक्टरांच्या जगातही आहे. कर्करोगाच्या रुग्णाला वाईट बातमी कशी द्यावी, याची सहा पायऱ्यांची एक पद्धत वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. बातमी देण्याआधी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती ऐकायचंय, हे विचारणं तिच्यात आहे. डॉक्टरांच्या हातात तपासणीचा अहवाल असतो, वाचणाऱ्याच्या हातात चित्र. उसना घ्यायचा तो फक्त क्रम, अधिकार नव्हे.

आता एक प्रसंग कल्पू. एका मैत्रिणीला बँकेतली नोकरी सोडून घरगुती डब्यांचा व्यवसाय करायचाय. वाचणारीला मनातून हे मुळीच पटलेलं नाही. तीन कार्डं मांडली: सध्या काय आहे, अडतं कुठे, पुढे कशावर लक्ष ठेवायचं. पहिलं ‘एट ऑफ पेंटॅकल्स’, बाकावर बसून एकेक नाणं कोरणारा कारागीर. दुसरं ‘फाइव्ह ऑफ कप्स’, काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय आणि पाठीमागे उभे असलेले दोन त्याला दिसत नाहीत. तिसरं ‘टॉवर’. वीज पडून मनोऱ्याचा मुकुट उडालाय, खिडक्यांतून ज्वाळा येताहेत, दोन माणसं डोक्यावर खाली कोसळताहेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ नोकरी सोडू नकोस, हे तिचं स्वतःचं मत आता विजेच्या लोळावर बसून आलं. दुसरी चूक जास्त गोड आहे: ‘अगं, टॉवर म्हणजे चांगलंच, जुनं जातं आणि नवं येतं!’ असली साखरपेरणी हल्ली फार चालते. ‘डेथ’ कार्डाचंही तेच. त्याचा मृत्यूशी काही संबंधच नाही, असं ठासून सांगितलं जातं. वेट यांनी स्वतः १९११ च्या पुस्तकात त्या कार्डाच्या अर्थांत शेवट, मर्त्यता आणि विनाश लिहिलेत, आणि टॉवरपुढे हालअपेष्टा आणि आपत्ती. जळता मनोरा समोरची बघतेच आहे. त्याला सुंदर म्हटलं की पुढचा शब्दही तिला खरा वाटत नाही.

मग सांगायचं कसं? आधी आपला चेहरा सांभाळायचा; ‘अरे देवा’ तोंडातून निसटलं की रीडिंग तिथेच संपलं. कार्डाचं नाव साध्या आवाजात घ्यावं आणि तिलाच बघू द्यावं: ‘तुला यात काय दिसतं?’ कदाचित ती म्हणेल, ‘कर्ज.’ कदाचित म्हणेल, ‘आमच्या शाखेत चाललेली कपात.’ तसं झालं तर मनोरा म्हणजे तिचा व्यवसाय, हे वाचणारीने धरलेलं गृहीतक जागीच कोसळतं. पडणारी वस्तू नोकरीच असू शकते. त्यानंतर परंपरेतला अर्थ न लपवता सांगावा: ‘हे अचानक मोडण्याचं कार्ड मानतात.’ मग जागेची आठवण द्यावी, की तिसरी जागा लक्ष ठेवण्याची आहे, निकालाची नाही. वाक्यात ‘होणार’ नको, प्रश्न हवा: ‘सहा महिने डबे चालले नाहीत तर घर कशावर चालेल?’

आणि वाचणारीचं मत? ते गिळायचं नाही, पण कार्डं बाजूला सारून, वेगळं सांगायचं. ‘आता कार्ड नाही, मी बोलतेय. मला भीती वाटते, कारण तुमच्या घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो.’ अशा मताशी मैत्रीण भांडू शकते. विजेशी कुणी भांडत नाही.

काही प्रश्न मात्र हातात घ्यायचेच नाहीत. गाठ साधी आहे की कसली, दिवस राहतील का, दावा जिंकू का, यांसाठी डॉक्टर आणि वकील आहेत. ‘त्याचं दुसरीकडे काही चाललंय का?’ हा प्रश्नही तसाच, कारण तो समोर नाही आणि त्याने परवानगी दिलेली नाही. कार्डावरून हो म्हटलं तर एक संसार हलतो, नाही म्हटलं तर खोटा दिलासा मिळतो. त्याऐवजी ‘मला संशय येतो, तर मी त्याच्याशी कसं बोलू?’ असा प्रश्न तिच्याकडून घडवून घेता येतो. ती रडायला लागली तर उरलेली कार्डं उपडीच ठेवावीत. आणि नावडतं कार्ड आलं म्हणून ‘अजून एकदा काढ ना’ सुरू झालं, तर डेक पेटीत ठेवून तिला नक्की काय ऐकायचं होतं, तेच विचारावं. बऱ्याचदा निर्णय तिने आधीच घेतलेला असतो आणि तिला फक्त कुणाची तरी सही हवी असते.