परत आलेला माल कोणत्या भावाने घ्यायचा?

पुण्याच्या तपकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा एक घाऊक व्यापारी उदाहरणादाखल घेऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने बारामतीच्या एका दुकानदाराला २० सीलिंग फॅन उधारीवर पाठवले. जीएसटी सोडून त्याची खरेदी नगाला १,२०० रुपये आणि विक्री १,६०० रुपये. बिल ३२,००० रुपयांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६०, म्हणजे एकूण ३७,७६०. तीन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन येतो, ‘शेठ, पाच फॅन भलत्याच रंगाचे आलेत, परत पाठवतोय.’ व्यापारी म्हणतो, ‘पाठवा, क्रेडिट नोट काढतो.’

व्यवहार इथे मिटला असे दोघांनाही वाटते. वह्यांमध्ये मात्र तो आता सुरू होतो, कारण या पाच फॅनमुळे दोन वेगळ्या गोष्टी उलट फिरल्या आहेत. बारामतीच्या दुकानदाराकडून येणे असलेली रक्कम कमी झाली, ती विक्रीच्या भावाने. गोदामातला माल वाढला, तो खरेदीच्या भावाने. या दोन भावांची सरमिसळ झाली की नफ्याचा आकडा बिघडतो, आणि किती बिघडतो हे याच पाच फॅनवर दाखवता येते.

पहिली नोंद क्रेडिट नोटेची. शालेय पुस्तकांत तिला जमा चिठ्ठी म्हणतात. पाच फॅनची विक्री किंमत ८,०००, त्यावर केंद्राचा जीएसटी ७२० आणि राज्याचा ७२०, एकूण ९,४४०. नोंद अशी होते:

विक्री परत खाते नावे ८,०००
केंद्रीय जीएसटी देय खाते नावे ७२०
राज्य जीएसटी देय खाते नावे ७२०
बारामतीच्या दुकानदाराचे खाते जमा ९,४४०

आठ हजार थेट विक्री खात्यातून वजा केले तरी बेरीज-वजाबाकी जुळते, पण ती सवय चांगली नाही. विक्री परत हे खाते वेगळे ठेवले तर वर्षाअखेरीस किती माल माघारी आला हे एका नजरेत कळते. एखाद्या मालाचे परत येणे वाढत चालले असेल, तर दोष मालात आहे की माल भरणाऱ्या माणसात, हे शोधायला ते खाते हाताशी लागते. गिऱ्हाइकाने रोख पैसे देऊन माल नेला असेल आणि आपण रोखच परत केले, तर शेवटच्या ओळीत दुकानदाराऐवजी रोकड खाते जमा होईल. बाकी सगळे तसेच.

दुसरी नोंद मालाची. विक्री झाली त्या दिवशी २० फॅन साठ्यातून बाहेर पडले, तेव्हा २४,००० रुपये मालसाठा खात्यातून निघून ‘विकलेल्या मालाचा खर्च’ या खात्यात गेले होते. त्यातले पाच फॅन परत आले, म्हणून ६,००० रुपये परत फिरतात:

मालसाठा खाते नावे ६,०००
विकलेल्या मालाचा खर्च खाते जमा ६,०००

आता नफा पाहू. निव्वळ विक्री २४,०००, पंधरा फॅनचा खर्च १८,०००, ढोबळ नफा ६,०००. पंधरा फॅनवर नगामागे ४०० रुपये. बरोबर.

समजा लेखनिकाने क्रेडिट नोटेवरचाच ८,००० चा आकडा उचलून माल आत घेतला. हे सर्रास होते, कारण समोर तोच कागद असतो. मग खर्च उरतो १६,००० आणि नफा दिसतो ८,०००. पाच फॅन परत येऊनही नफा वीस फॅनवर होता तेवढाच राहिला! न विकलेल्या पाच फॅनचे २,००० रुपये नफ्यात शिरले आहेत आणि साठ्याची किंमतही तेवढीच फुगली आहे. पुढच्या वर्षी हे पाच फॅन खरोखर ८,००० ला विकले गेले की त्यांच्यावर काहीच नफा दिसणार नाही. पण दरम्यान त्या २,००० वर प्राप्तिकर भरून झालेला असेल. ओळखण्याची खूण सोपी आहे. या व्यापाऱ्याचा ढोबळ नफा विक्रीच्या २५ टक्के असतो, इथे तो ३३ टक्क्यांवर जातो. परत माल जास्त आलेल्या महिन्यात नफ्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तर आधी साठ्याचे दर तपासावेत.

उलटी चूकही तितकीच होते. क्रेडिट नोट निघते, पण मालाची नोंद करायची राहते. विक्री २४,००० वर आली, खर्च मात्र पूर्ण २४,००० तसाच. नफा शून्य. फॅन गोदामात रॅकवर आहेत, वहीत नाहीत, आणि मोजणीच्या वेळी पाच नग जास्त भरतात. मोजणीत माल जास्त निघाला म्हणून खूश होणारे दुकानदार असतात. माझ्या मते जास्तीचा माल हा कमी मालाइतकाच तपासण्याजोगा असतो, कारण कुठेतरी एक कागद अर्धवट राहिल्याची ती साक्ष आहे.

बरीच लहान दुकाने प्रत्येक विक्रीला साठ्याची नोंद करतच नाहीत. ती वर्षभर फक्त खरेदी आणि विक्री लिहितात आणि ३१ मार्चला माल मोजून अखेरचा साठा धरतात. तिथे दुसरी नोंद वेगळी करावी लागत नाही. परत आलेला फॅन मोजणीत येतो आणि आपोआप हिशेबात बसतो. पण मोजणीच्या यादीत त्याच्यापुढे १,२०० लिहायचे की १,६००, हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो, आणि चुकला तर परिणामही तोच.

खरेदीचा भाव म्हणजे नेमका कोणता? व्यापाऱ्याने जुलैमध्ये तेच फॅन १,१५० ने आणि सप्टेंबरमध्ये १,२०० ने घेतले असतील, तर हा प्रश्न येतो. उत्तर असे की माल ज्या किमतीने साठ्यातून बाहेर गेला, त्याच किमतीने तो आत यावा. विकताना १,२०० खर्ची पडले असतील तर १,२०० च परत यावेत, आजचा बाजारभाव काहीही असो. माल परत येणे म्हणजे नवी खरेदी नव्हे, जुन्या विक्रीचा एक तुकडा रद्द होणे आहे. म्हणूनच क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख असावी लागते. तो धागा तुटला की विक्रीची किंमत, कराचा दर आणि मालाचा खर्च, तिन्ही अंदाजाने लिहावे लागतात. कराच्या दराचे महत्त्व २२ सप्टेंबर २०२५ नंतर अनेकांना कळले असेल. एसीवरचा जीएसटी त्या दिवशी २८ वरून १८ टक्के झाला. ऑगस्टमध्ये २८ टक्क्यांनी विकलेला एसी ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोटेवर २८ टक्केच लागतात, कारण तेवढाच कर मूळ बिलात घेतला होता.

आतापर्यंत पाचही फॅन धड आहेत असे धरले. प्रत्यक्षात खोकी उघडल्यावर एका फॅनचे पाते वाकलेले निघते. दुरुस्तीला १०० रुपये लागतील आणि तरी तो ९०० च्या वर जाणार नाही. म्हणजे त्यातून हाती येणार ८००. साठ्याच्या किमतीबाबत लेखामानकाचा नियम स्पष्ट आहे: खरेदी किंमत आणि हाती येऊ शकणारी निव्वळ रक्कम, यांतली जी कमी ती धरायची. मग चार फॅन ४,८०० ला, एक ८०० ला, मिळून ५,६००. उरलेले ४०० रुपये नुकसान म्हणून याच वर्षी लिहायचे. दुकानदाराच्या खात्यावर मात्र या ४०० चा काही परिणाम नाही. पाते कुणाकडे वाकले यावरून त्याला पूर्ण रक्कम द्यायची की कमी, हा दोघांच्या बोलण्याचा विषय आहे आणि तो क्रेडिट नोटेवर ठरतो. तो फॅन पुरताच निकामी होऊन वहीतून काढून टाकावा लागला, तर खरेदीच्या वेळी त्यावर घेतलेली २१६ रुपयांची कर-वजावटही परत करावी लागते. कमी भावात का होईना, विकला तर तसे करावे लागत नाही.

क्रेडिट नोटेला मुदत असते, आणि ती बिलाच्या तारखेवरून ठरते, माल परत आल्याच्या तारखेवरून नव्हे. आपले बिल २०२५-२६ या आर्थिक वर्षातले. त्याची क्रेडिट नोट जीएसटी विवरणपत्रात ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरले जाईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत दाखवावी लागते. मुदत उलटल्यावर माल परत घेता येतो, दुकानदाराला पैसेही देता येतात, पण १,४४० रुपयांचा कर सरकारकडून वजा करून मिळत नाही.

मुदतीत काढूनही काम संपत नाही. बारामतीच्या दुकानदाराने खरेदी करताना याच करावर वजावट घेतलेली असते. ती त्याने त्या पाच फॅनपुरती उलटवली, तरच पुण्याच्या व्यापाऱ्याचा कर कमी होतो. जीएसटीच्या पोर्टलवर ही क्रेडिट नोट दुकानदाराला दिसते आणि त्याने ती नाकारली तर कराचा बोजा पुन्हा व्यापाऱ्यावर येऊन पडतो. म्हणून क्रेडिट नोट काढल्यावर समोरच्याला एक फोन करून ‘स्वीकारली का?’ असे विचारणे, हा हिशेबाचाच भाग झाला आहे.

फसवणुकीची वाटही याच कागदातून जाते. वसुलीला गेलेला माणूस दुकानदाराकडून ९,४४० रुपये रोख घेतो, खिशात घालतो आणि कार्यालयात सांगतो की माल परत आला. क्रेडिट नोट निघते, दुकानदाराची बाकी कमी होते, दोन्हीकडचे खाते जुळते, कुणाची तक्रार येत नाही. माल मात्र कधी आलाच नाही. यावर उपाय एकच: माल उतरवून घेणाऱ्याने नग मोजून, स्थिती पाहून आवक चिठ्ठी लिहायची, आणि तिच्याशिवाय हिशेबनिसाने क्रेडिट नोट काढायची नाही. वसुली करणारा, माल घेणारा आणि नोट काढणारा हे तीन वेगळे हात हवेत. दुकान लहान असेल आणि माणसे दोनच असतील, तर नोटेवर सही मालकाने स्वतः करावी.

लेखापरीक्षक एप्रिल महिन्यातल्या क्रेडिट नोटा आवर्जून काढायला लावतात, त्यामागेही कारण आहे. बँकेला दाखवण्यासाठी किंवा विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल दुकानदाराकडे ढकलला जातो आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो गुपचूप माघारी येतो. एप्रिलची तारीख टाकून नोंद केली तर मार्चची विक्री आणि नफा दोन्ही फुगलेले राहतात. वर्ष संपले तरी ताळेबंदावर सह्या व्हायच्या असतील आणि हा माल मूळ मार्चच्याच विक्रीचा असेल, तर त्या वर्षाच्या हिशेबातच तरतूद करावी लागते: विक्री विक्रीच्या भावाने कमी करायची, आणि माल खरेदीच्या भावाने साठ्यात धरायचा.