रेघेचं नाव रेघेपाशीच

मुंबई, पुणे आणि नागपूरच्या दरमहा सरासरी कमाल तापमानाचा आलेख घ्या. तीन रेघा आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सूची: निळी मुंबईची, हिरवी पुण्याची, तांबडी नागपूरची. मे महिन्यात सगळ्यांत उंच गेलेली रेघ कुणाची? डोळे सूचीकडे जातात, रंग जुळवतात, परत येतात. मग तिच्याखालची कुणाची म्हणून पुन्हा तीच फेरी. तांबड्या-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांची तर पंचाईतच. आणि कृष्णधवल झेरॉक्स काढली की सूची सगळ्यांनाच निरुपयोगी.

ही सूची मुळात नव्हतीच. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. डेन्मार्क-नॉर्वेशी झालेल्या व्यापाराच्या आलेखात ‘आयातीची रेघ’, ‘निर्यातीची रेघ’ ही अक्षरं रेघांच्या कडेकडेने, त्यांच्या वळणानुसार कोरलेली आहेत. वाचणाऱ्याला नजर हलवावी लागत नाही. आज सूची दिसते ती बहुतेकदा सॉफ्टवेअर ती आपणहून टाकतं म्हणून.

ती काढायला एक्सेलमध्ये दोनेक मिनिटं पुरतात. रेघेवर क्लिक करायचं, मग तिच्या शेवटच्या बिंदूवर पुन्हा एकदा. म्हणजे तेवढा एकच बिंदू निवडला जातो. दुसरं क्लिक राहिलं, तर बाराही महिन्यांवर आकडे उगवतात आणि चूक लगेच कळते. राइट-क्लिक करून Add Data Label घ्यायचं. लेबलच्या फॉरमॅटमध्ये Series Name वर खूण करायची आणि Value ची काढायची. अक्षरांना रेघेचाच रंग द्यायचा, पण फिकट पिवळी रेघ असेल तर अक्षरं जरा गडद हवीत. शेवटी सूची पुसायची आणि नावं मावतील एवढी जागा उजवीकडे सोडायची.

आपल्या आलेखात इथेच घोळ होतो. डिसेंबरात नागपूर आणि पुणे दोन्ही २९ अंशांच्या आसपास येतात, त्यामुळे उजव्या टोकाला दोन नावं एकमेकांवर चढतात. एक वर, एक खाली सरकवता येतं, पण मग कुठलं नाव कुठल्या रेघेचं हा प्रश्न परत उभा! त्यापेक्षा नावं मे महिन्यावर न्यावीत. तिथे नागपूर ४२ च्या वर असतं, पुणे ३७ च्या जवळपास आणि समुद्रकाठची मुंबई ३३ च्या आसपास. रेघांमध्ये नाव मावेल एवढी ऐसपैस जागा असते. लेबल टोकालाच हवं असा काही नियम नाही. रेघा जिथे सुट्या होतात तिथे ते बसवावं.

तीनऐवजी राज्यातले सगळे जिल्हे घेतले, तर मात्र ही युक्ती चालत नाही. छत्तीस नावांची गर्दी सूचीपेक्षाही वाईट दिसते. तेव्हा ज्या दोन-तीन जिल्ह्यांबद्दल बोलायचं आहे तेवढेच रंगवून त्यांची नावं लिहावीत आणि बाकीच्या रेघा फिकट राखाडी करून निनावी सोडाव्यात.