वंशवृक्षातला दोन-तृतीयांश कुठून येतो?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीसारख्या गावातून बारावी आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलांना जीवशास्त्रातलं पाठांतर जड जात नाही. अडतं ते आनुवंशिकतेच्या गणितापाशी. संकराचा चौकोन काढता येतो, पण चौकोन, वर्तुळं आणि रेघांचा वंशवृक्ष समोर आला की हात थांबतो. जुने पेपर इथेच कामाला येतात, मात्र ते वर्षांप्रमाणे न सोडवता प्रश्नाच्या जातीप्रमाणे लावून घ्यावे लागतात. आजाराच्या नावाने वेगळे काढू नका. हिमोफिलिया, रंगांधत्व, थॅलेसेमिया ही नावं दर वर्षी बदलतात. प्रश्नात काय दिलंय आणि काय विचारलंय, याच्या तऱ्हा मात्र मोजक्याच आहेत.

सगळ्यांत सोपी तऱ्हा म्हणजे आईबापांचे जनुक दिलेले आणि मुलाची शक्यता विचारलेली. 2013 च्या नीटमध्ये आई आणि बाप दोघेही थॅलेसेमियाचे वाहक होते, आणि मूल आजारी असण्याची शक्यता विचारली होती. Aa × Aa मधून aa येण्याची शक्यता 1/4, म्हणजे 25 टक्के. प्रश्न संपला. यावर वेळ घालवू नये.

दुसऱ्या तऱ्हेत माहिती सरळ न देता नातेवाइकांच्या तोंडून दिलेली असते, आणि त्यातली थोडी नुसती भूल असते. एआयपीएमटीतला एक जुना प्रश्न बघा. सामान्य दृष्टीचा पुरुष, त्याचे वडील रंगांध. त्याची बायको सामान्य, तिचेही वडील रंगांध. पहिली मुलगी झाली, ती रंगांध असण्याची शक्यता किती? दोन्हीकडचे वडील रंगांध म्हटल्यावर मुलं घाईने 25 किंवा 50 टक्क्यांवर खूण करतात. आता एकेक माणूस घ्या. रंगांधत्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला वडिलांकडून वाय मिळतो. म्हणजे नवऱ्याच्या वडिलांची माहिती निरुपयोगी. नवरा स्वतः सामान्य आहे, तर त्याचा एकुलता एक्स चांगला आहे. बायकोला मात्र तिच्या वडिलांकडून सदोष एक्स आलाच आहे, म्हणून ती वाहक. त्यांच्या प्रत्येक मुलीला बापाचा चांगला एक्स मिळणार, तेव्हा मुलगी रंगांध असण्याची शक्यता शून्य. हाच प्रश्न मुलाबद्दल असता तर उत्तर 50 टक्के झालं असतं. आणि 'मुलगी' किंवा 'मुलगा' न म्हणता नुसतं 'अपत्य' म्हटलं असतं तर 25 टक्के. तिन्ही उत्तरं एकाच संकरातून येतात, बदलतं ते फक्त कोणाला मोजायचं हे. म्हणून माझा सल्ला असा, की या तऱ्हेत प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचावं.

तिसरी तऱ्हा चित्राची. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेली आकृती म्हणजे बाधित व्यक्ती. नवराबायकोमध्ये दुहेरी रेघ असेल तर ते रक्ताच्या नात्यातलं लग्न. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे कित्येक घरांत होती, तिथे ही दुहेरी रेघच आली असती. चित्र पाहून बहुतेक जण आधी बाधित माणसं मोजू लागतात, आणि पुरुष जास्त दिसले की 'एक्स-लिंक्ड' लिहून मोकळे होतात. सहा-सात माणसांच्या कुटुंबात अशा मोजणीला काही अर्थ नसतो. मोजण्याऐवजी एक जोडपं शोधा: दोघेही निरोगी आणि त्यांचं मूल बाधित. असं जोडपं सापडलं की गुण अप्रभावी आहे हे ठरलं, कारण आईबापांत तो लपून होता. मग बघा, ते बाधित मूल मुलगी आहे का? अप्रभावी एक्स-लिंक्ड आजारात मुलगी बाधित व्हायला तिला दोन सदोष एक्स लागतात, आणि त्यातला एक बापाकडूनच येतो. बाप निरोगी आहे, तर ते अशक्य. म्हणून आजार ऑटोसोमल. दोन पावलांत निकाल लागतो.

बाधित मूल मुलगा असेल तर मात्र हा निकाल लागत नाही, तेव्हा दुसरा पुरावा शोधावा लागतो. बाधित आईचा निरोगी मुलगा दिसला तर एक्स-लिंक्ड अप्रभावी बाद, कारण आईचे दोन्ही एक्स सदोष असतील. बाधित बाप आणि त्याचा बाधित मुलगा दिसला म्हणून मात्र एक्स-लिंक्ड बाद करू नका. मुलाला तो जनुक वाहक आईकडून आलेला असू शकतो. काही चित्रांत दोन्ही शक्यता अखेरपर्यंत उरतात. अशा वेळी प्रश्नात 'असू शकतो' विचारलंय की 'असलाच पाहिजे', यावर उत्तर ठरतं.

आता चौथी तऱ्हा, ज्यासाठी हा लेख लिहिला. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात सिकलसेलचा वंशवृक्ष ऑटोसोमल अप्रभावी गुणाचा नमुना म्हणून दिला आहे, तेव्हा तोच आजार घेऊ. सामान्य हिमोग्लोबिनचा जनुक A, सिकलचा S. आईबाप निरोगी, त्यांची थोरली मुलगी सिकलसेलची रुग्ण, धाकटी निरोगी. धाकटीचं लग्न एका वाहक मुलाशी झालं. त्यांचं पहिलं मूल रुग्ण असण्याची शक्यता किती?

थोरली SS आहे, म्हणून आईबाप दोघेही AS. त्यांच्या मुलांचं प्रमाण एक AA, दोन AS, एक SS. इथे बहुतेक जण म्हणतात, धाकटी वाहक असण्याची शक्यता चारात दोन, म्हणजे 1/2. पण धाकटी निरोगी आहे हे आपल्याला आधीच सांगितलंय. म्हणजे ती SS नाही, आणि चारातलं ते एक घर खोडावं लागतं. उरली तीन घरं: एक AA, दोन AS. त्यामुळे ती वाहक असण्याची शक्यता 2/3. ती वाहक असेल तर AS × AS मधून रुग्ण मूल 1/4. दोन्ही गुणा: 2/3 × 1/4 = 1/6. ज्याला 1/8 आलं त्याने घर खोडलं नाही. पर्यायांत 1/8 बहुतेक असतोच, कारण पेपर काढणाऱ्यालाही ही चूक ठाऊक असते.

प्रश्नात 'धाकट्या बहिणीची तपासणी झालेली नाही, ती जन्मायची आहे' असं असेल तर खोडायला काही नाही. तेव्हा वाहक असण्याची शक्यता 1/2 हेच खरं. जुन्या पेपरांतले या तऱ्हेचे प्रश्न एकत्र काढले की दिसतं, फरक एवढाच असतो: त्या व्यक्तीबद्दल काही कळलेलं आहे की नाही. ते शब्द पेन्सिलने अधोरेखित करा, मग छेद ठरवा.

हे गणित आपल्या भागात नुसतं पेपरापुरतं नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि आदिवासी भागांत तपासणी करून कार्डं देणं सुरू झालं. तपासणीतही एक मेख आहे. साधी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते; AS आणि SS वेगळे काढायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वरच्या धाकटीचा असा अहवाल AS आला तर तिच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता 1/4 राहते, आधीची मुलं कशीही असोत. अहवाल AA आला तर शून्य. 1/6 हे उत्तर तपासणी होईपर्यंतचंच.