तीन आठवडे उत्तर नाही, तेव्हा

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कुणीही पाहू शकतो आणि सुधारूही शकतो. गिटहबवर अशी सुधारणा पाठवली की तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रकल्प सांभाळणारा ती वाचून शेरे देतो, लेखक त्यानुसार बदल करतो आणि मग ती मुख्य कोडमध्ये जाते. पुष्कळ सुधारणा अडकतात त्या शेऱ्यांनंतर. पलीकडून काही हालचालच होत नाही.

समजा, तारखा हाताळणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत कुणीतरी २९ फेब्रुवारीची चूक दुरुस्त केली. तपासणाऱ्याने दोन गोष्टी मागितल्या: एक टेस्ट जोडा आणि एका फंक्शनचं नाव बदला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

आठवण करण्याआधी तपासणाऱ्याने आपल्याच बाजूला एकदा नजर टाकावी. रिव्ह्यू सुरू करून ओळीओळीवर लिहिलेले शेरे तो पाठवेपर्यंत फक्त लिहिणाऱ्यालाच दिसतात. त्यांच्यावर `Pending` असं लिहिलेलं असतं. `Submit review` दाबायचं राहून गेलं असेल, तर ज्याच्या उत्तराची वाट पाहतोय त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचलेला नसतो! उलटंही होतं. लेखकाने बदल चढवलेले असतात, पण पुन्हा तपासणी मागायचं बटण त्याला ठाऊक नसतं. मग दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात.

चेंडू खरंच लेखकाकडे असेल, तर नुसतं ‘काय झालं?’ विचारू नये. त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. त्यापेक्षा असं लिहावं:

“लीप वर्षाची दुरुस्ती बरोबर आहे, आम्हाला ती हवी आहे. फंक्शनचं नाव मी बदलतो. राहिली फक्त टेस्ट. तुम्हाला जमेल का? वेळ नसेल तर तसं सांगा, मी पूर्ण करतो, श्रेय तुमचं राहील. दोन आठवड्यांत कळलं नाही तर तसंच करेन.”

यात काम निम्मं झालं आणि ‘नाही जमणार’ एवढंच म्हणण्याची मोकळीक मिळाली. लेखक आजारी असेल, नोकरी बदलली असेल. कारण विचारायची गरजच नाही. श्रेयाचं आश्वासनही पोकळ नाही. लेखकाने परवानगीची खूण ठेवली असेल तर सांभाळणारा त्याच्याच शाखेत भर घालू शकतो. नाहीतर नव्या कमिटच्या शेवटी एक ओळ लिहावी:

```
Co-authored-by: name <name@example.com>
```

काही प्रकल्प हे काम `actions/stale` या यंत्रणेवर सोपवतात. तिच्यात काही बदल केले नाहीत तर ६० दिवस हालचाल नसलेल्या विनंतीवर ती शिक्का मारते आणि आणखी ७ दिवसांनी ती बंद करते. वाट कोण कुणाची पाहतंय हे तिला कळत नाही, म्हणून तपासणीसाठी ताटकळलेला लेखकही तिच्या तडाख्यात सापडतो. पहिली आठवण माणसानेच करावी हे बरं.

आणि विनंती बंद करावीच लागली, तर ती पुन्हा उघडता येते. फक्त लेखकाने दरम्यान आपली शाखा पुसलेली नसावी.