लाल पट्टीतली ओळ, हिरव्या पट्टीतली ओळ

लिंक्डइन किंवा इन्स्टाग्राम उघडलं की फ्रेशर्ससाठीचा एक ठरावीक कॅरोसेल हमखास समोर येतो. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात इशारा: ‘तुमचा रेझ्युमे म्हणूनच नाकारला जातो.’ पुढे सरकवलं की वर लाल पट्टीत ‘आधी’, खाली हिरव्या पट्टीत ‘नंतर’. लाल ओळ मिळमिळीत, हिरवी खणखणीत. मुलं तो सेव्ह करतात, कॉलेजच्या ग्रुपवर टाकतात आणि बरेचदा हिरवी ओळ जशीच्या तशी उचलतात.

घोळ तिथेच होतो.

हिरव्या ओळीमागचा साचा चांगलाच आहे. गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्झलो बॉक यांनी 2014 मध्ये तो लोकप्रिय केला: काय साधलं, ते कशाने मोजलं आणि काय करून साधलं, हे तिन्ही एका ओळीत आलं पाहिजे. घाईही खरी आहे. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरीविषयक संकेतस्थळाच्या 2018 च्या पाहणीत भरती करणाऱ्यांची नजर पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी 7.4 सेकंद टिकली. एवढ्या वेळात ‘मेहनती आणि टीम प्लेअर’ हे शब्द दिसले काय नि न दिसले काय, सारखंच.

पण स्लाइडवर मावतात वीसेक शब्द. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये जी विचारपूस व्हायला हवी, ती गळून पडते.

उदाहरणार्थ, बी.कॉम. झालेली एक मुलगी घ्या. तिने एका सीएच्या ऑफिसात तीन महिने इंटर्नशिप केली आहे. रेझ्युमेत ती लिहिते: ‘रिस्पॉन्सिबल फॉर टॅली एंट्री अँड जीएसटी वर्क.’ ही झाली लाल ओळ. तिच्यावर काय सोपवलं होतं ते कळतं, तिने काय केलं ते कळत नाही. आता तिला विचारायचं: किती पार्ट्यांचं काम तुझ्याकडे होतं? सहा दुकानांचं. महिन्याला किती बिलं? सगळी मिळून दीडशेच्या आसपास. आणि जीएसटीचं म्हणजे नेमकं काय? इथे ती जरा थांबते. मग सांगते, की दर महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-2बी आलं की टॅलीतली खरेदी त्याच्याशी ताडायची. कुठे बिल नंबर चुकलेला असायचा, तर कुठे माल देणाऱ्याने त्याचं रिटर्नच भरलेलं नसायचं. अशा बिलांची यादी करून ती सरांना द्यायची.

आता ओळ आपोआप तयार होते. रेझ्युमेत ती इंग्रजीत जाईल; मराठीत सांगायचं तर अशी: ‘सहा दुकानांच्या दरमहा सुमारे 150 बिलांच्या टॅलीत नोंदी केल्या; खरेदी जीएसटीआर-2बीशी ताडून न जुळणाऱ्या बिलांची मासिक यादी वरिष्ठांना दिली.’ यात एकही भारदस्त विशेषण नाही. तरीही अकाउंट्सच्या माणसाला ओळीवरूनच कळतं, की हिने हे काम हाताने केलेलं आहे.

कॅरोसेलमधली तयार हिरवी ओळ मात्र म्हणाली असती: ‘अचूकता 30 टक्क्यांनी वाढवली.’ मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘आधी किती होती? मोजली कशी?’ आणि उमेदवार गप्प. आधीचा आकडा ज्याच्याकडे नाही, त्याने टक्केवारीच्या वाटेला जाऊ नये. फ्रेशरकडे दुसरे आकडे असतात: किती बिलं, किती जणांची टीम, किती आठवडे, किती वेळा. कामाचा आवाका सांगायला ते पुरतात.

फायनल इयर प्रोजेक्टचंही तसंच. ‘स्वयंचलित सिंचन प्रकल्पावर काम केलं’ या ओळीत चार जणांपैकी कोणी काय केलं ते हरवतं. ज्याने मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचा कोड लिहिला, त्याने कोडच सांगावा. ज्याने सुटे भाग जमवून खर्चाचा हिशेब ठेवला, त्याने तो हिशेब सांगावा. दुसऱ्याचा कोड आपल्या नावावर लिहिला, तर तांत्रिक फेरीत दुसऱ्या प्रश्नालाच पितळ उघडं पडतं.

आणखी एक गोष्ट या स्लाइड्सकडून शिकू नये: त्यांची सजावट. रंगीत चौकटी, दोन रकाने, ‘एक्सेल 80 टक्के’ दाखवणाऱ्या पट्ट्या मोबाइलवर छान दिसतात. पण अनेक कंपन्यांमध्ये रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. चित्रातला मजकूर त्याला बऱ्याचदा दिसत नाही आणि दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. तपासायची सोपी युक्ती आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथे ओळी क्रमाने आल्या, तर बहुतेक सॉफ्टवेअरलाही त्या नीट वाचता येतील. फोन नंबरच गायब झाला असेल, तर तो बहुधा आयकॉनसोबत चित्रात गेलेला असतो. तो साध्या अक्षरात, नावाखाली पुन्हा टाइप करावा.